मऊ चिकणमातीवरील गोदामाची फरशी : प्रीलोडिंग, उभे ड्रेन आणि स्टोन कॉलम यांबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नांदेड परिसरातील एका गोदामासाठी केलेल्या जमीन-सुधारणेच्या प्रस्तावावर मालक, वास्तुविशारद आणि कंत्राटदार यांनी जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. फरशी ६० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद आहे. माल म्हणजे सोयाबीन, हरभरा आणि हळदीची पोती. भूखंड एका जुन्या, गाळाने भरून गेलेल्या तलावाच्या पोटात येतो. आकडे या एका जागेचे आहेत. दुसऱ्या जागेवर पद्धत हीच राहील, पण आकडे तेथील चाचण्यांवरूनच काढावेत.

मराठवाड्यात वर काळी माती आणि खाली मुरूम असतो. मग ही मऊ चिकणमाती आली कुठून?

बहुतेक ठिकाणी आपले म्हणणे बरोबर आहे. मीटर-दोन मीटर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, हाच आपला नेहमीचा छेद असतो आणि काळी माती काढून मुरूम भरला की काम भागते. परंतु जुन्या तलावांची पोटे, ओढ्यांची बुजलेली पात्रे आणि गोदावरीलगतचे सखल भाग येथे वर्षानुवर्षे वाहून आलेली तीच काळी माती पाण्याखाली संथपणे बसलेली असते. ती कधी घट्ट झालेलीच नसते. या भूखंडावर अशा गाळाची जाडी सरासरी ६ मीटर निघाली, त्याखाली मुरूम लागला आणि भूजल जमिनीखाली १ मीटरवर मिळाले.

येथे एक गल्लत नेहमी होते. शेतातील काळी माती फुगते आणि आकसते, म्हणून तिच्यावरील फरशी उचलली जाते आणि तडकते. तलावातील गाळ आधीच पाण्याने पूर्ण भरलेला असल्यामुळे तो फुगण्याचा प्रश्न जवळपास नसतो. त्याच्यावर वजन आले की आतील पाणी हळूहळू पिळून निघते आणि जमीन खाली जाते. पहिल्या दुखण्यावरचा उपाय, म्हणजे वरची मीटरभर माती बदलून मुरूम भरणे, दुसऱ्या दुखण्यावर केला तर त्रास वाढतो, कारण मुरूम मातीपेक्षा जड असतो आणि खालच्या गाळावर तेवढे वजन उलट जास्त येते.

आम्ही एप्रिलमध्ये जेसीबीने खड्डा घेतला होता. तेव्हा जमीन पहारीलाही दाद देत नव्हती. ती मऊ कशी?

उन्हाळ्यात तलावाचे पोट वरून वाळते आणि मीटरभर जाडीचा कडक, भेगाळलेला थर तयार होतो. खड्डा या थरातच थांबला तर अहवालात कडक चिकणमाती असेच लिहिले जाते. आमच्या बोअरमध्ये सव्वा मीटरच्या खाली गेल्यावर प्रमाणित वेधन चाचणीची सळई हातोडा न मारता स्वतःच्या वजनानेच खाली सरकू लागली. अशा मातीत एन मूल्याचा, म्हणजे हातोड्याच्या ठोक्यांच्या संख्येचा, उपयोग एवढाच की जमीन मऊ आहे हे कळते. किती मऊ आहे, हे त्यावरून कळत नाही.

ते कळण्यासाठी व्हेन शिअर चाचणी घ्यावी लागते. चार पाती असलेली सळई मातीत खोचून फिरवतात आणि माती कापली जाण्यासाठी किती पीळ लागतो ते मोजतात. येथे त्यावरून मातीचे बळ चौरस मीटरला सुमारे १.१ टन आले. प्रयोगशाळेत पातळ नळीतील अखंड नमुन्यांवर कन्सॉलिडेशन चाचणी, म्हणजे भाराखाली पाणी पिळून निघून माती किती आणि किती वेगाने दबते याची चाचणी, घेतली. नमुन्यातील पाण्याचे प्रमाण ४८ टक्के होते, म्हणजे १०० किलो कोरड्या मातीमागे ४८ लिटर पाणी. नमुना नळीतून बाहेर काढताना बोटाचा ठसा त्यावर सहज उमटत होता.

फरशीवर चौरस मीटरला फक्त ३ टन भार आहे. एवढ्याने जमीन किती खचेल?

३ टन हा भार पोत्यांच्या चार मीटर उंच थप्पीचा आहे. त्याखाली काँक्रीटच्या फरशीचा अर्धा टन आणि जमिनीची पातळी उंचावण्यासाठी टाकायच्या मीटरभर मुरुमाचे २ टन मिळवावे लागतात. असे एकूण साडेपाच टन होतात. गाळाच्या थराच्या मध्यावर, म्हणजे ३ मीटर खोलीवर, मातीच्या स्वतःच्या वजनातून पाण्याचा दाब वजा केल्यावर उरणारा दाब फक्त ३.१ टन आहे. म्हणजे आज जो भार ही माती पेलते आहे, त्याच्या पावणेदोनपट भार आपण तिच्यावर नव्याने ठेवणार आहोत.

कन्सॉलिडेशन चाचणीवरून हिशेब केला तर खचणे ४१ सेंटीमीटर येते. पण जमीन ४१ सेंटीमीटर खाली गेली तर पातळी राखण्यासाठी तेवढा मुरूम पुन्हा टाकावा लागतो आणि त्याचेही वजन गाळावरच येते. हे धरून पुन्हा हिशेब केला की आकडा ४६ सेंटीमीटरवर स्थिरावतो. हा दुसरा फेरा अनेक अहवालांत केलेलाच नसतो.

खचण्यापेक्षा मोठी अडचण असते ती ते सगळीकडे सारखे नसण्याची. तलावाच्या काठाकडे गाळ ४ मीटर आहे आणि मधोमध ७ मीटरच्या पुढे जातो. फरशीचे एक टोक दुसऱ्यापेक्षा १५ ते २० सेंटीमीटर जास्त खाली जाईल, थप्प्या कलतील आणि सांध्यांवर हातगाडी अडकेल.

आराखड्यात खांबांचे पाये मुरुमापर्यंत नेले आहेत. मग फरशी सुरक्षित नाही का?

नाही. खांबांनी फक्त छप्पर आणि भिंती पेलल्या आहेत. फरशीचा आणि मालाचा भार थेट जमिनीवरच जातो. त्यातही छोट्या पायाखाली दाब खोलीबरोबर झपाट्याने पसरून कमी होतो, तसे येथे होत नाही. ४० मीटर रुंदीच्या फरशीखाली ६ मीटर खोलीवरही जवळपास पूर्ण भार पोहोचतो. त्यामुळे वरचा दीड-दोन मीटरचा थर कितीही चांगला केला तरी उरलेला गाळ खचणारच.

खांब न हलणारे आणि फरशी खचणारी असली की भिंतीलगत फरशी तुटून पायरी तयार होते. अशा गोदामात दोन-तीन वर्षांनी भिंतीच्या कडेने हात घातला तर फरशीखाली पोकळी लागते.

नुसता मुरुमाचा भराव टाकून वर्षभर तसाच ठेवला तर काम होणार नाही का?

प्रीलोडिंगचे तत्त्व हेच आहे. उद्या जे वजन येणार आहे ते आजच मातीच्या रूपात ठेवायचे, जमीन खचू द्यायची, मग तो भराव काढून फरशी ओतायची. तिन्ही पद्धतींत ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीची आहे, कारण त्यात जमिनीची परीक्षा प्रत्यक्ष भाराखाली होते. फक्त तिला वेळ लागतो, आणि तो किती लागेल हे पाण्याला बाहेर पडण्यासाठी किती अंतर कापावे लागते यावर ठरते. सूत्र असे आहे :

```
t = T × d² / cv
```

यात `t` हा वेळ आहे, `cv` हा गाळातून पाणी निघून तो किती वेगाने दबतो ते दाखवणारा आकडा आहे, `T` हा किती टक्के कन्सॉलिडेशन हवे त्यावर ठरणारा गुणक आहे, `d` हे पाण्याच्या वाटेचे सर्वांत लांब अंतर आहे आणि ते वर्गाने मोजले जाते. या गाळाचा `cv` वर्षाला दीड चौरस मीटर आहे आणि ९० टक्के कन्सॉलिडेशनसाठी `T` ०.८४८ धरतात. पाणी वरून आणि खालच्या मुरुमातून असे दोन्हीकडून निघाले तर `d` ३ मीटर होते आणि वेळ सुमारे ५ वर्षे येतो. मुरूम चिकणमातीने बुजलेला असेल आणि पाण्याला फक्त वरचीच वाट असेल, तर `d` ६ मीटर होऊन तोच वेळ २० वर्षांवर जातो. मुरूम पाणी सोडतो की नाही, हे एका बोअरवरून ठामपणे सांगता येत नाही. म्हणूनच केवळ भरावावर विसंबून फरशीची तारीख देता येत नाही.

हाच गाळ २ मीटरचा असता तर गोष्ट वेगळी होती. दोन्हीकडून पाणी निघत असेल तर जादा भराव देऊन पाच-सहा महिन्यांत काम होते, किंवा गाळ सरळ उपसून मुरूम भरता येतो. त्या जाडीला ड्रेन किंवा कॉलम यांचा खर्च करू नये, असेच आम्ही सांगतो.

उभे ड्रेन नेमके काय करतात? ते भार पेलतात का?

ते भार अजिबात पेलत नाहीत. १० सेंटीमीटर रुंद आणि जेमतेम ४ मिलिमीटर जाड अशी ही प्लास्टिकची पट्टी असते. आत पन्हाळीसारख्या खाचा असतात आणि बाहेर गाळणीचे न विणलेले कापड असते. पोकळ लोखंडी मँड्रेलमधून ती पट्टी मुरुमापर्यंत दाबत नेतात, खाली नांगरपट्टी अडकून राहते आणि मँड्रेल वर येतो. पाण्याला आता तीन किंवा सहा मीटर वर-खाली जायचे नसते. ते आडवे अर्धा मीटर सरकले की ड्रेनमध्ये येते. आडव्या दिशेने पाणी सरकण्याचा वेगही गाळात सहसा थोडा जास्त असतो, कारण पुराच्या वेळी बसलेले रेतीचे पातळ पदर आडवेच असतात.

आम्ही त्रिकोणी मांडणीत १ मीटर अंतर सुचवले आहे. कोऱ्या हिशेबाने त्यात ९० टक्के कन्सॉलिडेशन ४ महिन्यांत होते. पण मँड्रेल आत जाताना आजूबाजूची माती लिंपली जाते आणि तिची पाणी सोडण्याची क्षमता घटते. ही लिंपण धरली की तोच काळ ६ महिन्यांवर जातो. कंत्राटदाराने दिलेल्या तक्त्यात फक्त ४ महिने लिहिलेले असतील, तर त्याने लिंपण धरली आहे का हे विचारावे. अंतर १.२ मीटर ठेवले तर ड्रेन सुमारे तीस टक्क्यांनी कमी लागतात, पण लिंपणीसह काळ ९ महिन्यांच्या पुढे जातो. या जागेवर एक हंगाम हुकणे ड्रेनच्या बचतीपेक्षा महाग पडते.

फरशीच्या कडेबाहेर ३ मीटर पट्टा धरून सुमारे साडेतीन हजार ड्रेन होतात. किनारपट्टीच्या सागरी चिकणमातीत हे काम नेहमीचे आहे. मराठवाड्यात ते क्वचितच होते, म्हणून यंत्र बाहेरून आणण्याचा खर्च वेगळा धरावा.

मग प्रस्तावात भरावही आहे आणि ड्रेनही आहेत. दोन्ही कशाला?

ड्रेन फक्त वाट करून देतो. पाणी पिळून काढायला वजन लागतेच. भराव नसताना ठोकलेले ड्रेन महिनोन्‌महिने तसेच उभे राहिले तरी जमीन मिलिमीटरभरही खचणार नाही.

एकूण भराव सव्वाचार मीटर का? एवढा उंच डोंगर कशासाठी?

कायमचा मुरूम १ मीटर आहे. खचून आत जाणारा सुमारे अर्धा मीटर आहे. माल आणि फरशी यांच्या साडेतीन टनांच्या बदल्यात पावणेदोन मीटर मुरूम येतो. उरलेला १ मीटर हा जादा भार आहे आणि बहुतेक प्रश्न त्याच मीटरवर येतात.

जादा भाराने अंतिम खचणे ४६ वरून ५६ सेंटीमीटर होते. आपल्याला ४६ च हवे असल्यामुळे ५६ पैकी ८२ टक्के झाले की पहिली गरज भागते, आणि त्याला ६ महिन्यांऐवजी साडेचार महिने लागतात. पण आम्ही तेवढ्यावर भराव काढायला सांगत नाही. पाणी पिळून निघण्याचे थांबले तरी मातीचे कण वर्षानुवर्षे थोडेथोडे सरकत राहतात. या दुय्यम खचण्याचा अंदाज येथे पहिल्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंत चार ते पाच सेंटीमीटर आहे. मातीने तिच्यावर येणाऱ्या भारापेक्षा थोडा जास्त भार एकदा अनुभवलेला असेल तर हे सरकणे बरेच घटते. म्हणून जादा भार ९० टक्क्यांपर्यंत ठेवावा, असे प्रस्तावात लिहिले आहे.

सगळा भराव एकदम का टाकत नाही? डंपर तर उभेच आहेत.

कारण माती खचण्याऐवजी सरकेल. मऊ चिकणमाती किती भार पेलेल हे काढण्यासाठी व्हेन चाचणीच्या १.१ टन बळाला ५.१४ ने गुणले की साडेपाच टनांच्या आसपास आकडा येतो. म्हणजे पावणेतीन मीटर मुरूम टाकताच जमीन हार मानते. म्हणून पहिला टप्पा २ मीटरचा आहे. दोन महिन्यांनी पुन्हा व्हेन चाचणी घ्यायची, बळ वाढल्याचे प्रत्यक्ष पाहायचे आणि मग ३ मीटरपर्यंत जायचे. तिसरा टप्पा पुन्हा तशाच चाचणीनंतर टाकायचा, आणि तोही कडेने दीड मीटर उंचीचा बर्म, म्हणजे पायथ्याला टेकू देणारी भरावाची पायरी, दिल्यावरच.

घसरण होण्याआधी जमीन सूचना देते. भरावाच्या पायथ्यापासून दोन-तीन मीटरवर एका ओळीत खुंट्या ठोकून त्यांवर दोरी ताणावी आणि ती रोज सकाळी पाहावी. मध्यभाग खचत असताना खुंट्या जागीच असतील तर पाणी निघते आहे. खुंट्या बाहेर ढकलल्या जात असतील आणि पायथ्याची जमीन फुगत असेल, तर माती कुशीने पळते आहे. त्या दिवशी डंपर थांबवावेत आणि वरचा अर्धा मीटर उतरवावा.

आमच्या ओळखीच्या कंत्राटदाराने स्टोन कॉलम सुचवले आहेत. त्यात थांबावे लागत नाही. ते का नकोत?

स्टोन कॉलम, म्हणजे मऊ मातीत खडी ठोकून भरलेले उभे खांब, ही चांगली पद्धत आहे आणि खडी आपल्याकडे कुठल्याही क्रशरवर मिळते. भारतीय मानक आयएस १५२८४ च्या पहिल्या भागानुसार या मातीचे बळ स्टोन कॉलमच्या कक्षेत बसते, पण खालच्या टोकाला. त्यामुळे सरळ नकार देण्याऐवजी आम्ही हिशेब करून पाहिला.

८० सेंटीमीटर व्यासाचे कॉलम १.८ मीटर अंतरावर त्रिकोणी मांडणीत घेतले तर फरशीच्या क्षेत्राचा सुमारे १८ टक्के भाग खडीचा होतो. खडीवर मातीच्या चौपट दाब येतो असे धरले तर खचणे मूळच्या ६५ टक्क्यांवर येते. म्हणजे ४६ चे ३० सेंटीमीटर होतात. दुसऱ्या गणनापद्धतीने आकडा थोडा कमी निघतो, पण २० सेंटीमीटरच्या खाली जात नाही. कॉलम ड्रेनचेही काम करत असल्यामुळे हे खचणे लवकर होते, हे खरे. पण ते माल ठेवल्यावर, म्हणजे फरशी ओतल्यानंतर होते. थांबावे लागत नाही याचा येथे अर्थ इतकाच की थांबण्याचा काळ गोदाम चालू असताना भोगायचा.

कॉलमला आजूबाजूच्या मातीचा आवळ लागतो. भार आला की कॉलम वरच्या भागात फुगतो आणि माती त्याला धरून ठेवते. माती जितकी मऊ तितकी ही धरण सैल असते. शिवाय फरशीखाली खडीचा आधार टणक आणि मधल्या मातीचा मऊ असल्यामुळे वर अर्धा मीटर घट्ट मुरूम किंवा जिओग्रिडची गादी नसेल तर फरशीला खालून टेकू लागल्यासारखे होते आणि कॉलमच्या डोक्यावर भेगा उमटतात.

कॉलम घ्यायचेच ठरले तर नोंदवहीवर लक्ष ठेवावे. ८० सेंटीमीटर व्यासाच्या कॉलममध्ये दर मीटर खोलीला सुमारे अर्धा घनमीटर ठोकलेली खडी मावते, म्हणजे सैल खडी ०.६ घनमीटरच्या पुढे लागते. एखाद्या कॉलमच्या तिसऱ्या मीटरला ०.४ घनमीटर अशी नोंद दिसली तर तेथे मान बारीक झाली आहे असे समजावे. सगळ्या ८५० कॉलमच्या सगळ्या मीटरना एकच आकडा लिहिलेला असेल, तर ती वही संध्याकाळी कार्यालयात बसून भरलेली आहे.

या प्रकल्पात स्टोन कॉलम कुठेच वापरणार नाही का?

ट्रक लागतात त्या धक्क्याच्या पट्टीखाली वापरणार आहोत. तेथे शेजारी रस्ता असल्यामुळे भरावाला पाय पसरायला जागा नाही, गाळ साडेतीन मीटरच आहे आणि काही सेंटीमीटर खचले तरी वरचे ब्लॉक उचलून पुन्हा बसवता येतात.

ड्रेनच्या कामात सहसा काय चुकते?

सर्वांत जास्त चूक ड्रेनमध्ये होत नाही, त्यांच्या वरच्या गाळणीच्या थरात होते. ड्रेनमधून वर आलेले पाणी बाजूला वाहून जाण्यासाठी अर्धा मीटर स्वच्छ वाळूचा थर लागतो. गोदावरीची वाळू लिलावांमुळे कधी मिळते आणि कधी मिळत नाही. म्हणून आम्ही खाली जिओटेक्स्टाइल अंथरून धुतलेली बारीक खडी किंवा क्रशरची धुतलेली वाळू मान्य केली आहे. न धुतलेली क्रशरची भुकटी मात्र चालणार नाही. ती ओली झाली की दळलेल्या पिठासारखी घट्ट बसते.

एका दुसऱ्या कामावर आम्हाला हा धडा मिळाला. तेथे थर नीट टाकला होता, पण पुढच्या आठवड्यात काळ्या मातीने भरलेल्या टायरांचे डंपर त्यावरूनच फिरले. महिनाभर खचण्याचा वेग जवळपास शून्य राहिला आणि सर्वांनी माती कडक निघाली असे मानले. शेवटी कडेला खणले तेव्हा थराच्या वरच्या चार बोटांत काळा चिखल होता आणि त्याखाली पाणी दाबाने अडून बसलेले होते. खणलेल्या जागेतून ते झऱ्यासारखे वर आले.

दुसरी बाब उताराची आहे. भरावाखाली मधला भाग अर्धा मीटर खाली जातो, म्हणजे सपाट अंथरलेला थर काही महिन्यांत परातीसारखा होतो आणि पाणी कडेला जाण्याऐवजी मध्ये साचते. म्हणून थरात छिद्रांचे पाइप घालून मध्ये दोन उभे हौद ठेवले आहेत आणि त्यांतून पंपाने पाणी काढायचे आहे.

ड्रेनच्या बाबतीत एवढे पाहावे की मँड्रेल वर येताना पट्टीही वर येत नाही ना. लांबी मोजणाऱ्या माणसाने मँड्रेलची खोली लिहू नये, रिळातून प्रत्यक्ष उलगडलेली पट्टी मोजावी.

भराव कधी काढायचा, हे कोण आणि कसे ठरवते?

कॅलेंडर ठरवत नाही, वाचने ठरवतात. गाळणीच्या थराखाली नऊ सेटलमेंट प्लेट बसवल्या आहेत आणि त्यांच्या सळया भरावाबरोबर वर वाढवत नेतात. डोझरने अशी सळई वाकवली की त्या जागेची सर्व जुनी वाचने वाया जातात, म्हणून प्रत्येक सळईभोवती लाल रंगाचे पिंप ठेवावे.

शेवटचा टप्पा टाकल्यानंतर सारख्या अंतराने वाचने घ्यायची. समजा एका प्लेटची दर तीन आठवड्यांची वाचने ३१२, ३६६, ४०५ आणि ४३३ मिलिमीटर आली. दोन वाचनांमधील वाढ ५४, ३९ आणि २८ अशी आहे, म्हणजे दर वेळी वाढ आधीच्या ०.७२ पट होते. असाच उतार राहिला तर पुढची सगळी वाढ मिळून ७२ मिलिमीटर होईल आणि अंतिम खचणे ५०५ वर थांबेल. जपानी अभियंता असाओका यांनी १९७८ मध्ये मांडलेली पद्धत आलेखावर हेच करते.

यातून दोन गोष्टी कळतात. आजचे कन्सॉलिडेशन ४३३ भागिले ५०५, म्हणजे ८६ टक्के आहे. आणि आमचा ५६ सेंटीमीटरचा अंदाज जास्त होता, प्रत्यक्षात माती साडेपन्नासवर थांबणार आहे. नवा मालक आकडा ४३३ पाहून भराव काढायची घाई करतो. आम्ही आणखी तीन आठवडे मागतो, वाचन ४५३ च्या आसपास येते आणि ९० टक्के पूर्ण होतात. पाणदाबमापकाचे वाचन त्याच वेळी उतरलेले असले पाहिजे. प्लेट थांबली आणि पाणदाब चढाच राहिला, तर वाट बुजली आहे असे समजावे.

काम कधी सुरू करावे आणि पावसाळ्याचे काय?

दिवाळीनंतर ड्रेन सुरू केले तर तिसरा टप्पा उन्हाळ्यात पडतो आणि भराव पुढच्या गणपतीच्या सुमारास उतरतो. म्हणजे एक पावसाळा भरावावरून जाणारच. भरावाच्या माथ्याला मधून कडेकडे उतार द्यावा, नाही तर पाणी माथ्यावर साचून मुरुमाला घळी पडतात. फरशी तुरीच्या हंगामापर्यंत तयार होते. सोयाबीनचा त्या वर्षीचा हंगाम मात्र चुकतो, हे मालकांनी आधीच मान्य करावे.

खांबांचे पाइल आधी घेऊन ठेवले तर वेळ वाचणार नाही का?

घेऊ नयेत. आधी पाइल आणि मग भराव असे केले तर खाली जाणारी माती पाइलला धरून खाली ओढते आणि छपराच्या भारापेक्षा ही ओढ जास्त होऊ शकते. शिवाय भरावाच्या बाजूच्या दाबाने पाइल वाकतात. भराव उतरल्यावरच पाइल घ्यावेत आणि फरशी खांबांपासून मोकळ्या सांध्याने वेगळी ठेवावी.

उतरवलेल्या मुरुमाचे काय करायचे?

तो सात ते आठ हजार घनमीटर असेल. हायवाच्या पाचशे खेपा होतात. आवारातील रस्ते, वाहनतळ आणि दुसऱ्या टप्प्यातील गोदामाचा प्रीलोड या तिन्हींसाठी तो लागणार आहे, म्हणून विकण्याचा करार आधी करू नये.

पुढे दुष्काळ पडून भूजल खाली गेले तर फरशी पुन्हा खचेल का?

हा प्रश्न एका शेतकरी संचालकांनी विचारला आणि तो सर्वांत महत्त्वाचा होता. पाण्याची पातळी १ मीटर खाली गेली की मातीवर चौरस मीटरला १ टन भार वाढल्यासारखे होते, वर एकही पोते न ठेवता. या गाळाने असे आधी सोसलेले आहे. प्रयोगशाळेत त्याने ४ टनांपर्यंत फारसे न खचता भार घेतला, तर आज त्याच्यावर ३.१ टनच आहे. पूर्वी कधीतरी पाणी सुमारे मीटरभर खाली गेले होते, ही खूण मातीत राहिली आहे.

तेवढेच पुन्हा झाले आणि गोदाम पूर्ण भरलेले असले, तर जादा तयारी नसताना आणखी ५ सेंटीमीटरपर्यंत खचण्याची शक्यता आहे. दोन गोष्टी आपल्या बाजूने आहेत. थप्प्यांमधील वाटा धरल्या तर फरशीवरचा सरासरी भार ३ ऐवजी २ टनांच्या जवळ राहतो. आणि भराव ८२ ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत ठेवल्याने जमीन आणखी पाऊण टनाच्या भारासाठी तयार होते. पाणी दोन मीटर किंवा त्याहून खाली गेले तर मात्र हे पुरणार नाही. म्हणून या भूखंडावर पाण्यासाठी बोअर घेऊ नये, अशी अट प्रस्तावात आहे. फरशीत बारा पितळी खुणा बसवल्या आहेत आणि त्यांची पातळी दर वर्षी मे महिन्यात, पाणी सर्वांत खाली असताना, मुरुमावर टेकलेल्या खांबाच्या तुलनेत मोजायची आहे.